पहिला डोस किती वाजता लागला? : जीबीएस रिपोर्ट आणि कळांमधलं पेनिसिलिन

नवव्या महिन्यातली एक बाई रिपोर्टचा कागद घेऊन लेबर रूमच्या दाराशी उभी होती. तिला आपण सारिका म्हणू, खरं नाव वेगळं आहे. कागदावर 'जीबीएस पॉझिटिव्ह' असं छापलं होतं. नवऱ्यानं रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवर ती तीन अक्षरं शोधली आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. "सिस्टर, हे त्या पुण्यात आलतं तेच न्हवं? हातपाय लुळे पडतात ते?" त्यानं विचारलं.

ते हे नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली तो गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे नसांचा आजार. सारिकाच्या कागदावरचा जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, हा एक जंतू. अक्षरं सारखी असली तरी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी कोल्हापुरात लेबर रूममध्ये काम करते, आणि त्या साथीनंतर हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की रिपोर्ट हातात घेताना मी आधी तेच सांगते.

मग खरी गोष्ट सांगायला घेते. हा जंतू आपल्या आतड्यात राहतो. तिथून तो योनीमार्गात येतो, काही आठवडे राहतो, निघून जातो, पुन्हा येतो. जगभरचा हिशेब धरला तर गरोदर बायकांपैकी शंभरात साधारण अठरा जणींच्या अंगात तो सापडतो, आपल्या देशात त्याहून कमी. बाईला त्याचा त्रास नसतो. अंगावरून पांढरं जात नाही, खाज येत नाही, दुखत नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि नवऱ्याकडून लागलेला गुप्तरोगही नाही. हे मी सासूसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगते, कारण 'योनीत जंतू सापडला' एवढं एकच वाक्य घरी पोचलं तर सुनेला काय काय ऐकावं लागतं ते मी पाहिलंय.

गोठा असलेल्या घरांसाठी आणखी एक. या जंतूचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'दूध नाही'. हा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला तो गाईंच्या कासदाहात, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. सड कडक होतो, दूध आटतं, त्यावरून हे नाव पडलं. माणसांत राहणारे त्याचे प्रकार बहुतांशी वेगळे आहेत आणि तापवलेल्या दुधातून तो येत नाही. तेव्हा सुनेचा रिपोर्ट आला म्हणून म्हशीला दोष देऊ नका.

बाईला काही न करणारा हा जंतू बाळाला मात्र भारी पडू शकतो. पाणपिशवी फुटली की तो वर चढतो, किंवा बाळ बाहेर येताना वाटेत त्याच्या नाकातोंडात जातो. अंगात जंतू असलेल्या शंभर आयांना काहीच औषध दिलं नाही, तर साधारण निम्म्या बाळांच्या अंगावर तो जातो. त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत राहतात. आजारी पडतात ती शंभरातली एक किंवा दोन. पण जे पडतं ते तासांत पडतं. जन्माच्या पहिल्या दिवसातच रक्तात जंतू पसरतात, फुप्फुसं धरतात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. शंभरातलं ते एक बाळ कुठलं, हे आधी ओळखायची युक्ती आपल्याकडे नाही. म्हणून शंभरही आयांना औषध द्यायचं, असा हा हिशेब आहे.

तपासणी सोपी आहे. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात कापसाचा बोळा लावलेली काडी आधी योनीच्या तोंडाशी फिरवायची आणि मग गुदद्वाराच्या जरा आत. दुसऱ्या जागेला बायका लाजतात, आणि कधीकधी घाईत नमुना घेणाराही ती सोडून देतो. पण जंतूचं घर आतड्यात आहे. गुदद्वाराचा नमुना नसेल तर कितीतरी जणी निगेटिव्ह दाखवल्या जातात. लॅबमध्येही ही काडी आधी रात्रभर पोषक द्रवात ठेवून जंतू वाढवावा लागतो. थेट ताटलीवर फासली तर तो बऱ्याचदा निसटतो. म्हणून चिठ्ठीवर 'जीबीएससाठी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. साधं कल्चर म्हणून गेलेला नमुना यासाठी पुरत नाही. रिपोर्ट पाच आठवडे धरतात, कारण जंतू येतो-जातो. पाचव्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट नवव्या महिन्यात कामाचा नाही.

आता सारिकाचा पुढचा प्रश्न, जो प्रत्येक बाई विचारते. "मग आत्ताच गोळ्या द्या की. दोन आठवडे आहेत अजून, तोवर साफ होईल."

उसाच्या सरीतलं लव्हाळं वरून कापलं तर आठ दिवस रान स्वच्छ दिसतं. पण खाली गाठी शिल्लक असतात, पुन्हा पाणी मिळालं की ते उगवतं. गोळ्यांनी तसंच होतं. योनीतला जंतू काही दिवस कमी होतो, आतड्यातला राहतो, आणि बाळंतपणाच्या दिवसापर्यंत पुन्हा खाली येतो. वर गोळ्यांमुळे जुलाब, बुरशी, आणि इतर जंतू औषधाला दाद न देणारे होण्याचा धोका. डेटॉलनं धुणं, योनीत औषधी पाण्याचा फवारा, यानंही बाळाला संरक्षण मिळत नाही. उलट तिथली कातडी भाजते. पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यावर त्या दिवशी करायचं काही नसतं. लघवीच्या तपासणीत हाच जंतू भरपूर निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा लघवीच्या जंतुसंसर्गाचे उपचार त्याच वेळी होतात आणि शिवाय कळांमध्येही पेनिसिलिन लागतं, त्यासाठी नवव्या महिन्यातली काडी घ्यायचीही गरज राहत नाही. आधीच्या खेपेला बाळाला हा आजार झाला असेल तरी तसंच.

खरं काम करतं ते शिरेतून दिलेलं पेनिसिलिन, आणि तेही कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर. शिरेतून गेलेलं औषध आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात उतरतं. म्हणजे बाळ जंतूंच्या वाटेवरून येण्याआधीच त्याच्या अंगात औषध असतं, आणि वाटेवरचे जंतूही कमी झालेले असतात. यासाठी वेळ लागतो. पहिला डोस आणि जन्म यांच्यात किमान चार तास असले तर संरक्षण पुरेसं धरतात. दोन तासांत जंतूंची संख्या घटायला लागलेली असते, तेव्हा कमी वेळ मिळाला म्हणून डोस वाया जात नाही. पण बालरोगतज्ज्ञ जेव्हा "पुरेसा झाला का?" विचारतात, तेव्हा ते चार तास मोजत असतात. म्हणून आम्ही केसपेपरवर औषधाच्या नावापुढे घड्याळाची वेळ लिहितो, आणि ती वेळ पुढे बाळाच्या कागदावर जाते.

डोस असा. पहिल्यांदा ५० लाख युनिट, त्यानंतर दर चार तासांनी २५ ते ३० लाख युनिट, बाळ जन्मेपर्यंत. हे पेनिसिलिन पांढऱ्या पावडरीच्या रूपात छोट्या बाटलीत येतं. १० लाखांची बाटली असेल तर पहिल्या डोसाला पाच बाटल्या लागतात. त्यात पाणी घालून हातात फिरवत विरघळवायचं, सलाईनच्या छोट्या बाटलीत मिसळायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात हळू सोडायचं. नातेवाईक पाच बाटल्या बघून घाबरतात, "एवढं सगळं एकदम?" म्हणतात. हो, पहिल्यांदा एवढंच द्यायचं असतं, रक्तातली पातळी लवकर वर यावी म्हणून. पेनिसिलिन हाताशी नसेल तर अ‍ॅम्पिसिलिन चालतं, आधी २ ग्रॅम आणि मग दर चार तासांनी १ ग्रॅम. बेन्झाथिन पेनिसिलिन नावाचं जे कमरेत देतात ते दुसरं. ते हळूहळू मुरतं, या कामाला चालत नाही, आणि शिरेत तर कधीच द्यायचं नाही. मेडिकलमधून आणायला कुणाला पाठवलं तर चिठ्ठीवरचं पूर्ण नाव जुळवून घ्या.

सारिकाचं पुढं काय झालं ते घड्याळासकट सांगते, कारण सगळा विषय त्यात आहे. तिची ही दुसरी खेप. माहेर राधानगरी तालुक्यात, आणि ती माहेरी गेलेली. रिपोर्टची मूळ फाईल सासरी राहिली होती, पण मी तिला मोबाईलवर फोटो काढून ठेवायला लावला होता. ३८ आठवडे आणि चार दिवस झाले होते. रात्री साडेदहाला पाणी गेलं. कळा नव्हत्या. घरातल्या थोरल्या बाईंचं म्हणणं, "पाणी गेलं म्हणजे काय लगेच हुतंय व्हय? उजाडल्यावर जाऊया की." पहिल्या खेपेला असं थांबलेलं चाललं होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं अनुभवातलंच होतं. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह असताना पाणी गेलं की निघायचं, कळांची वाट बघायची नाही, हे सारिकाला पाठ होतं. तिनं फोन केला आणि गाडी काढायला लावली.

वाटेतच कळा सुरू झाल्या. बारा वाजून वीस मिनिटांनी ती आमच्याकडे पोचली. आत येता येता तिनं पहिलं वाक्य बोललं ते, "सिस्टर, जीबीएस आहे मला." रात्रीच्या पाळीला दुसरीच सिस्टर होती, तिला सारिका कोण हे ठाऊक नव्हतं. त्या एका वाक्यानं तिनं तपासणीबरोबरच औषधाची तयारी सुरू केली. आधी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का ते विचारलं, टेस्ट डोस दिला, आणि १२ वाजून ४० मिनिटांनी पहिले ५० लाख युनिट सुरू झाले. ४ वाजून ४० मिनिटांनी दुसरा डोस, २५ लाख. ६ वाजून १५ मिनिटांनी मुलगी झाली. पहिल्या डोसापासून पाच तास पस्तीस मिनिटं. मुलगी लगेच रडली, आईच्या छातीवर ठेवली, अर्ध्या तासात दूध ओढायला लागली. जीबीएस असलेल्या आईचं दूध द्यायला काही हरकत नाही. बाळाच्या रक्ताची तपासणी नाही, त्याला अँटिबायोटिक नाही. फक्त नेहमीसारखं दोन दिवस लक्ष.

उजाडायची वाट बघितली असती आणि पाचला निघाले असते, तर ही मुलगी गाडीत जन्मली असती.

वेळ कमी पडणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका दीड-दोन तासांत मोकळ्या होतात. तेव्हा चार तास भरावेत म्हणून बाळंतपण लांबवत नाहीत, कळा थोपवत नाहीत. डोस लगेच सुरू करायचा आणि जे होईल ते होऊ द्यायचं. बाळ पूर्ण दिवसांचं आणि चांगलं असेल, तर त्याला ३६ ते ४८ तास बारकाईनं बघतात, श्वास, रंग, ताप, दूध ओढणं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी "बाळ छान आहे, घरी सोडा" असा आग्रह धरला जातो, बाराव्याची तयारी करायची म्हणून. तो धरू नका. आजार दिसायचा असेल तर बहुतेक वेळा याच तासांत दिसतो.

ज्यांची तपासणी झालीच नाही अशा बायका आपल्याकडे जास्त आहेत. प्रत्येकीची करावी असा नियम आपल्या देशात नाही, तो त्या त्या डॉक्टरांचा निर्णय असतो. इंग्लंडातही सरसकट करत नाहीत, अमेरिकेत करतात. तपासणी नसेल तर धोक्याच्या खुणांवरून ठरवतात. बाळ सदतीस आठवड्यांच्या आत येत असेल, पाणी जाऊन अठरा तास होत आले असतील, किंवा कळांमध्ये आईला १००.४ फॅरनहाईट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर पेनिसिलिन देतात. इथे घरच्यांच्या हातात एक मोठी गोष्ट असते. पाणी नेमकं किती वाजता गेलं हे सांगता आलं पाहिजे. 'रात्री कधीतरी' म्हटलं की आमचा हिशेबच चुकतो. आणि ठरवून केलेलं सिझर, कळाही नाहीत आणि पाणीही गेलेलं नाही, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही जीबीएससाठी हे डोस लागत नाहीत. ऑपरेशनचं नेहमीचं अँटिबायोटिक तेवढं दिलं जातं.

अ‍ॅलर्जीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे गफलत होते. 'मला पेनिसिलिन चालत नाही' म्हणणाऱ्या बाईला मी विचारते, चालत नाही म्हणजे काय झालं होतं? लहानपणी जुलाब झाले, मळमळलं, ही अ‍ॅलर्जी नव्हे. औषध घेतल्यावर थोड्या वेळात अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, दम लागला, चक्कर येऊन पडली, तर ती खरी. खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्या बाईनं हे काडी घेतानाच सांगायला हवं. मग लॅब त्याच जंतूवर क्लिंडामायसिन लागू पडतं का ते तपासून देते. बऱ्याच ठिकाणी हा जंतू त्याला दाद देत नाही, म्हणून न तपासता ते देता येत नाही. लागू पडत नसेल तर व्हँकोमायसिन. साधं पुरळ एवढंच झालं असेल तर सेफाझोलिन चालू शकतं. हे निर्णय छत्तिसाव्या आठवड्यात निवांत होतात, रात्री दोनला कळा चालू असताना नाही. पेनिसिलिनची जीवघेणी रिअ‍ॅक्शन फार विरळ आहे, पण सलाईन सुरू झाल्यावर अंगाला खाज सुटली, घसा आवळल्यासारखा वाटला, तर संकोच न करता तिथल्या तिथे हाक मारा. ती थांबवण्याची औषधं ट्रेमध्ये तयार असतात.

या पद्धतीनं किती फरक पडतो? अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे जवळपास १.८ बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होत असे. २०१५ मध्ये ते प्रमाण ०.२३ वर आलं होतं. हा फरक मोठा आहे, पण तो पहिल्या आठवड्याच्या आजारातला आहे. सातव्या दिवसानंतर, अगदी तिसऱ्या महिन्यापर्यंत, हाच जंतू बाळाला उशिरा गाठू शकतो, आणि कळांमधलं पेनिसिलिन त्याला अडवत नाही. दुसरं, आपल्या भागात नवजात बाळांना आजारी पाडणाऱ्या जंतूंमध्ये क्लेबसिएला, ई. कोलाय असे दुसरे जंतू जास्त असतात, आणि त्यांच्यावर हे औषध चालत नाही. गरोदरपणी आईला द्यायची जीबीएसची लस अजून तपासणीच्या टप्प्यात आहे, बाजारात नाही. म्हणून घरी गेल्यावर डोळे उघडे ठेवावे लागतात, रिपोर्ट काहीही असो.

बाळंतिणीची खोली अंधारी असते, बाळ गुंडाळलेलं असतं, त्यामुळे रंग आणि श्वास दोन्ही दिसत नाहीत. दिवसातून एकदा खिडकी उघडा, दुपटं सैल करा आणि झोपलेल्या बाळाच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. नवजात बाळाचा श्वास मधूनच थांबतो, मग भराभर चालतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एक मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तडक दवाखाना. श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, छातीच्या खाली खळगा पडणं, काखेत ९९.५ च्या वर ताप किंवा अंग गार पडणं, ओठ निळसर, आदल्या दिवशी नीट ओढणारं बाळ आज स्तन तोंडात धरेनासं होणं, उठवूनही न उठणं. महिना-दोन महिन्यांच्या बाळाची टाळू फुगलेली दिसणं, उचललं की जास्तच रडणं, झटके. यातलं एकही दिसलं तर गुटी, धुरी, नजर काढणं यात रात्र घालवायची नाही. तिथे गेल्यावर "आईला जीबीएस होता, पहिला डोस अमुक वाजता लागला होता" एवढं सांगा. बाळाच्या रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

सारिका तिसऱ्या दिवशी घरी गेली. निघताना तिच्या आईला खुर्चीवर बसवून मी मुलीचे श्वास मोजायला लावले. पहिल्यांदा त्यांचा आकडा चुकला, मधेच नातीचा हात हलला म्हणून थांबल्या. दुसऱ्यांदा माझ्या घड्याळाकडे न बघता त्यांनी मोजले, चव्वेचाळीस.